गुठळी टिकवणारी गोळी
शाळेत शिकवणाऱ्या ३८ वर्षांच्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत त्यांना दर दीड तासाला पॅड बदलावं लागतं, रात्री चादर खराब होते, मोठ्या गाठी पडतात. सोनोग्राफीत काही दोष नाही, पण हिमोग्लोबिन ९ वर आलेलं. हार्मोनच्या गोळ्या त्यांना नको आहेत. डॉक्टर लिहून देतात ते औषध म्हणजे ट्रानेक्झॅमिक ॲसिड.

१९६२ साली जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने ते शोधलं. रक्त गोठतं तेव्हा फायब्रिनच्या धाग्यांची जाळी तयार होते. पुढे शरीरातलंच प्लाझ्मिन नावाचं द्रव्य ती जाळी कापून टाकतं. अंगावरून फार जाणाऱ्या अनेक स्त्रियांच्या गर्भाशयात ही कापाकापी गरजेपेक्षा जोरात चालते. ट्रानेक्झॅमिक ॲसिड प्लाझ्मिनला जाळी पकडूच देत नाही. ते नवी गुठळी बनवत नाही, झालेली टिकवतं. रक्तस्राव त्यामुळे साधारण ४० ते ५० टक्क्यांनी कमी होतो.

बाईंना ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा, जास्तीत जास्त चार दिवस घ्यायच्या आहेत, आणि त्याही रक्तस्राव सुरू झाल्यावरच. पाळीची तारीख यामुळे बदलत नाही, गर्भही रोखला जात नाही. हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

दुसरं औषध मेफेनॅमिक ॲसिड. ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, म्हणून पोटातली कळ थांबते. रक्तस्रावही घटतो, पण ट्रानेक्झॅमिकइतका नाही.

आपल्याकडे ही दोन्ही औषधं एकाच गोळीतही मिळतात आणि घोटाळा तिथेच होतो. मैत्रिणीला लागू पडली म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळीत मेफेनॅमिक आहे, हे अनेकींना ठाऊक नसतं. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असेल, वेदनाशामकाने दमा उसळत असेल, तर ते घेऊ नये.

ट्रानेक्झॅमिकचा धोका त्याच्या गुणातच आहे. गर्भाशयातली गुठळी टिकवणारं औषध पायातली किंवा फुप्फुसातली गुठळीही विरघळू देत नाही. पूर्वी अशी गुठळी किंवा पक्षाघात झालेल्यांनी, तसंच फिट येणाऱ्यांनी ते टाळावं. मूत्रपिंडाच्या आजारात मात्रा कमी करावी लागते, आजार गंभीर असेल तर औषधच देत नाहीत. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं, कारण त्या गोळीनेही गुठळीचा धोका वाढतो.

रक्तस्राव अवेळी होत असेल, पाळी चुकली असेल किंवा तीन पाळ्यांनंतरही फरक नसेल, तर आधी कारण शोधायला हवं. औषध चालू असताना एकच पाय सुजून दुखू लागला, अचानक धाप लागली किंवा रंग वेगळे दिसू लागले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.