सातबाऱ्याची नक्कल आणि कारकुनाचे तास

संगणक आला की कारकुनांची नोकरी जाते, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, जुनी जाते तशी नवी येते. दोघेही ‘नोकरी’ ही एकच अखंड वस्तू धरून चालतात. प्रत्यक्षात नोकरी ही अनेक कामांची मोळी असते. यंत्र मोळी उचलून नेत नाही, त्यातल्या काही काड्या काढून घेते. कोणत्या काड्या गेल्या आणि उरलेल्या मोळीचे काय झाले, हे पाहायला आमच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापूरसारखे गाव पुरेसे आहे. प्रवरेकाठच्या या बागायती पट्ट्यात ऊस, पाणी, कर्ज आणि वाटण्या या सगळ्यांची वाट सातबाऱ्यावरूनच जाते.

हस्तलिखिताच्या काळात तलाठ्याच्या दप्तरात तीन वेगळ्या जातींची कामे होती. पहिले नकलेचे. गाव नमुना सात आणि बारा, म्हणजे जमिनीचा हक्क आणि तिच्यावरचे पीक, मूळ पुस्तकातून उतरवून, सही-शिक्का करून देणे. दुसरे नोंदीचे. खरेदीखत झाले की नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घालणे, संबंधितांना नोटिसा देणे, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबणे आणि मंडळ अधिकाऱ्याकडून नोंद प्रमाणित करून घेणे. तिसरे चौकशीचे. मयताचे वारस कोण, बांधावर ताबा कोणाचा, गारपिटीत नुकसान किती, हे गावात फिरून ठरवणे.

अर्थशास्त्रात कामांची अशी फोड करण्याची पद्धत ऑटर, लेव्ही आणि मर्नेन यांनी २००३ साली रूढ केली. ज्या कामाचा नियम पूर्णपणे लिहून देता येतो ते यंत्राकडे जाते. नकलेचा नियम ‘जसे आहे तसे उतरवा’ एवढाच, म्हणून ती आधी गेली. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की तो कोठूनही काढता येतो आणि त्यावर तलाठ्याची वेगळी सही लागत नाही. फेरफाराचे काम अर्धे गेले. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला की त्याची माहिती संगणकातून महसूल खात्याकडे येते. पण कोणी हरकत घेतली की सुनावणी माणसालाच घ्यावी लागते. चौकशीचे काम जवळपास तसेच राहिले.

आता हिशेब मांडू. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. एका सजात महिन्याला १८० नकला लागतात आणि हाताने एक नक्कल लिहायला वीस मिनिटे लागतात असे समजा. म्हणजे महिन्याला साठ तास. आता तीच नक्कल बाजारपेठेतल्या सेवा केंद्रावर पाच मिनिटांत निघते, म्हणून पंधरा तास. पंचेचाळीस तासांचे श्रम वाचले. पण नक्कल स्वस्त आणि सोपी झाली की मागणीही वाढते. ती दुप्पट झाली तर तीस तास होतील. जुने साठ तास भरून येण्यासाठी मागणी चौपट, म्हणजे ७२० नकला व्हायला हवी. यंत्राने श्रम किती पट कमी केले आणि मागणी किती पट वाढली, या दोहोंच्या शर्यतीवर निकाल ठरतो.

ही शर्यत कधी मागणीही जिंकते. अमेरिकेत बँकांनी एटीएम बसवल्यावर एका शहरी शाखेतल्या रोखपालांची संख्या १९८८ ते २००४ या काळात सरासरी वीसवरून तेरावर आली. पण शाखा चालवणे स्वस्त झाल्याने शहरी शाखाच चाळीस टक्क्यांहून अधिक वाढल्या आणि रोखपालांची एकूण संख्या घटली नाही. हा दाखला जेम्स बेसेन यांनी मांडला आणि तो आशावादी पक्षाच्या तोंडी असतो. सातबाऱ्याला मात्र तो लागू करताना जपावे. शाखा हवी असते ती ग्राहकासाठी. नक्कल कोणालाच तिच्यासाठी नको असते. ती कर्जासाठी, अनुदानासाठी लागते. मागणाऱ्या कार्यालयाला अभिलेख थेट पडद्यावर दिसू लागला की नकलेची मागणी वाढायची थांबते आणि पुढे आटते.

मग साठ तासांचा तोटा कोणाला झाला? तलाठ्याला नाही. त्याचे पद राहिले, मोकळे झालेले तास पंचनामे आणि योजनांच्या याद्यांनी भरले. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदे निघाली आणि त्यांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. तोटा झाला तो तलाठ्याच्या मदतनिसाला. अनेक गावांत सुवाच्य अक्षराचा एखादा तरुण पदरमोडीवर ठेवलेला असे. लोक त्याला ‘झिरो तलाठी’ म्हणत. त्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते, म्हणून त्याचे काम गेल्याची नोंदही कोठे झाली नाही. कारकुनी बेरोजगारी बहुधा अशीच येते. कोणाला काढले जात नाही, फक्त पुढचा माणूस घेतला जात नाही.

निर्माण झालेल्या कामांचेही तसेच पारखून पाहावे लागते. हस्तलिखित संगणकात चढवताना क्षेत्र चुकले, नावे गळाली. ते दुरुस्त करण्यासाठी गावोगाव चावडी वाचन झाले, महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाची प्रकरणे चालली. काम अफाट होते, पण ते संक्रमणाचे काम होते. एकदा अभिलेख जुळला की ते ओसरते. त्याला कायमचा रोजगार म्हणून जमेला धरणे म्हणजे विहीर खोदण्याची मजुरी दरवर्षीच्या उत्पन्नात मिळवणे.

दुसरा प्रकार सेवा केंद्रांचा. ही कामे टिकाऊ आहेत, पण पगार दरमहा नाही. उत्पन्न कागदागणिक आहे. संगणक, गाळ्याचे भाडे, वीज आणि सर्व्हर बंद पडल्यावर वाया जाणारा दिवस, हा सगळा बोजा चालकाच्या खिशावर. तासांच्या हिशेबात हे काम भरून आलेले दिसले, तरी पूर्वी जी जोखीम सरकारची होती ती आता त्या तरुणाची झाली.

तिसरा प्रकार सर्वांत नजरेआड राहणारा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना बारातली पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभा राहून, छायाचित्रासह करू लागला. येथे कारकुनाचे काम यंत्राने केले असे म्हणता येत नाही. त्याचा मोठा भाग ग्राहकाने केला, विनामोबदला. त्याच्या हातात नोंद आल्याने अचूकता वाढू शकते, हा खरा लाभ आहे. पण ज्याला मोबाइल जमत नाही किंवा ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याची नोंद राहून जाते आणि पुढे विम्याच्या वेळी अडते. अशांसाठी पुन्हा सहायक लागतो. म्हणजे काम परत आले, मात्र पद परत आले नाही.

म्हणून ‘किती गेल्या, किती आल्या’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. आपल्या गावापुरता तो तपासायचा असेल तर चार गोष्टी मोजाव्यात: त्या कामाला आज एकूण किती तास लागतात, त्यांतल्या किती तासांना मोबदला आहे, तो पगाराचा आहे की नगाचा, आणि दहा वर्षांपूर्वी त्या कामावर जशी नवखी मुले घेतली जात तशी आज घेतली जातात का. शेवटचा आकडा सर्वांत बोलका. नक्कल लिहिता लिहिता तो मदतनीस गट नंबर, भाऊबंदकी आणि फेरफाराचे बारकावे शिकत असे. चौकशीचे काम यंत्राला जमत नाही हे खरे, पण ते शिकण्याची पायरी नकलेच्या कामातच होती. ती पायरी आता गावाच्या चावडीत नाही, आणि तिच्या जागी दुसरी कोणती घालायची, हे भरतीच्या जाहिरातीत लिहिलेले नसते.