एल संपला, डबल एक्सएल उरला

शर्टांचा घाऊक व्यापारी माल बऱ्याचदा सेटमध्ये देतो: एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल, प्रत्येकी एक नग. मोजायला सोपं, बांधायला सोपं. गिऱ्हाइकं मात्र अशी चार सारख्या वाट्यांत येत नाहीत. मधल्या मापांची माणसं जास्त असतात, टोकाच्या मापांची कमी. कोणत्या मापाचे किती टक्के शर्ट खपतात, या प्रमाणालाच धंद्यात ‘साइज कर्व्ह’ म्हणतात.

समजा, नव्या दुकानात सुरुवातीला १२० शर्ट भरायचे आहेत आणि तिथल्या मागणीचा अंदाज एम ३०, एल ३५, एक्सएल २३ आणि डबल एक्सएल १२ टक्के असा आहे. म्हणजे अनुक्रमे ३६, ४२, २८ आणि १४ नग हवेत. सरसकट सेट घेतले तर प्रत्येक मापाचे ३० येतात. एल १२ने कमी पडतो आणि डबल एक्सएलचे १६ नग जास्तीचे होतात. हेच नग पुढे सेलच्या ढिगात जातात. म्हणून सेट थोडे कमी घेऊन एम आणि एलचे सुटे नग मागावेत, त्यासाठी नगामागे थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी.

खरी कसोटी रंगांची. सहा रंग आणि चार मापं म्हणजे चोवीस खाने. १२० शर्ट त्यांत सारखे वाटले तर प्रत्येकात पाचच येतात, आणि पांढऱ्याचा एल पहिल्याच आठवड्यात संपू शकतो. त्यापेक्षा पांढरा, आकाशी आणि नेव्ही या नेहमीच्या रंगांत मिळून ९० नग ठेवावेत. उरलेल्या तीन हौशी रंगांचे दहा-दहा घ्यावेत: एम चार, एल चार, एक्सएल दोन. डबल एक्सएलचे चौदाही नग नेहमीच्या रंगांत ठेवले की त्या मापाच्या माणसाला एकाच रंगात दोन-चार शर्ट तरी दिसतात. तीन हौशी रंगांत एकेक नग विखुरला, तर त्याच्यापुढे निवड उरत नाही. त्याला हौशी रंग मिळत नाही, हे या वाटणीचं उणं आहेच.

अंदाज पहिल्या महिन्यात तपासायचा, पण नुसत्या विक्रीच्या आकड्यांवर विसंबून नव्हे. एलचे ३० शर्ट दहा दिवसांत संपले आणि डबल एक्सएलचे १४ महिनाभरात, तर वहीत प्रमाण साधारण दोनास एक दिसेल. प्रत्यक्षात एलची मागणी त्याच्या तिपटीच्या आसपास होती; उरलेले वीस दिवस विकायला एल नव्हताच. म्हणून प्रत्येक माप कोणत्या तारखेला संपलं ते लिहावं, आणि ‘एल आहे का?’ विचारून रिकाम्या हाती गेलेल्यांचीही नोंद ठेवावी.

आणखी एक अडचण लेबलची. एका कंपनीचा एल दुसरीच्या एक्सएलएवढा भरू शकतो. नवा माल आला की शर्ट सपाट अंथरून काखेखाली टेप लावावी, येईल ते दुप्पट करून छातीचं माप लिहावं आणि टक्केवारी त्या इंचांवर धरावी.