विलंबाबद्दल क्षमस्व; पण पुढे काय लिहावे?
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात पत्र लिहिण्याची पाळी कुणावर आलीच नव्हती. वडील सही करतात तीही जपून, आणि आई अंगठा उठवते. त्यामुळे कोरीटहून नंदुरबारला कॉलेजात येऊ लागल्यावर संध्याकाळी एका मिरची व्यापाऱ्याच्या पेढीवर मला टंकनाचे काम मिळाले, तेव्हा घरी मोठी अपूर्वाई वाटली. पेढीचे बिल करणे, गिऱ्हाइकांना ई-मेल पाठवणे एवढेच काम. 'लेखनिक झाला पोरगा', असे वडील गावात सांगत. या लेखनिकाने पहिल्याच उन्हाळ्यात काय लिहिले आणि त्यापायी कुणाचे काय बिघडले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

वाचकांस ठाऊकच आहे की नंदुरबार मिरचीचे गाव. हिवाळ्यात ओली लाल मिरची बाजारात येते, शहराबाहेरच्या पथारींवर पसरून वाळवली जाते आणि मग तिची पूड होऊन ती गावोगाव जाते. नाशिकच्या एका लोणची-पापड करणाऱ्या गृहउद्योगाने आमच्या पेढीकडे ६०० किलो पूड मागवली होती. पंचवीस किलोच्या चोवीस गोण्या शनिवार, १७ मे २०२५ रोजी पोचवायच्या ठरल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी शेठ बाहेरगावी होते. त्यांचा फोन आला : "नाशिकना माल लेट शे. माफीना मेल टाकी दे." एवढे बोलून फोन बंद. का लेट, किती लेट, काहीच नाही. परत फोन लावला तर लागेना.

मला कळलेली गोष्ट एकच होती : उशीर. आणि लिहायचे होते अख्खे पत्र. शाळेत आपण सर्वांनी 'पत्रास कारण की' घोटलेले असते. त्यातले 'कारण' म्हणजे पत्र लिहिण्याचे प्रयोजन. घटनेचे कारण नव्हे. पण कोऱ्या पडद्यासमोर बसले की हा फरक सुचत नाही. कारण दिल्यावाचून क्षमा कशी मागावी, असे मला वाटले. त्या दिवसांत अवकाळी पावसाच्या बातम्या चालूच होत्या. मी लिहून टाकले :

"अवकाळी पावसामुळे मिरची भिजल्याने माल पाठवण्यास विलंब होत आहे. सोमवारपर्यंत माल निश्चित मिळेल. होणाऱ्या असुविधेबद्दल खेद आहे."

तीन वाक्ये. त्यांतली पहिली दोन मी मनाने रचली होती, आणि तिसरे रेल्वेच्या हिंदी घोषणेवरून उचलले होते. त्या वेळी मात्र पत्र झकास साधले असे वाटून मी सायकलने घरी गेलो.

आता याचे झाले काय? सोमवारी माल येणार या भरवशावर त्या उद्योगाच्या ताईंनी रविवारी दोन क्विंटल कैरी फोडून मिठात घातली आणि सोमवारसाठी अकरा बायकांना रोजाने बोलावले. सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती ई-वे बिलाचा नंबर. दीड लाखाच्या आसपासचा माल गाडीत चढवायचा तर आधी हे बिल सरकारी पोर्टलवर तयार करावे लागते. त्याचा नंबर नाही याचा अर्थ माल हललेलाच नाही. माझ्याजवळ नंबर नव्हता. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो अधिक बोचला : "भिजलेली मिरची पुन्हा वाळवून, दळून तुम्ही आम्हाला देणार होतात का?"

याचा मी विचारच केला नव्हता. ओलसर राहिलेल्या मिरचीवर बुरशी धरते आणि काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते पूड करून जात नाही की लोणचे घालून जात नाही. खाद्यपदार्थांच्या धंद्यात ही गोष्ट सर्वांना माहीत असते. मी उशिराचे निमित्त म्हणून पाऊस आणला, आणि त्या पावसाने न भिजलेला माल कागदावर भिजवला. ताईंनी प्रयोगशाळेचा दाखला आल्यावाचून गोण्या उतरवून घेणार नाही असे कळवले. खरे कारण शेठ परतल्यावर समजले : मिरची कोरडी होती, पूडही तयार होती, केवळ छापील गोण्या आल्या नव्हत्या. माल गुरुवारी, २२ तारखेला पोचला. तोवर मिठातल्या फोडी पाणी सुटून मऊ पडल्या होत्या. अकरा बायकांचा सोमवारचा रोज ताईंनी पदरचा दिला.

नीट पाहिले तर उशिराने झालेले नुकसान थोडे होते. शुक्रवारी 'माल उद्या येत नाही' एवढेच कळते, तर कैरी झाडावर किंवा पोत्यात राहिली असती. कैरी फोडली गेली ती माझ्या 'निश्चित' या शब्दामुळे.

मग केवळ उशीरच ठाऊक असताना काय लिहावे? पुढे मी तेच पत्र वहीत पुन्हा लिहून पाहिले. अट एकच घातली : शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मला जे ठाऊक होते त्यापलीकडचा एक शब्दही नको. ते असे झाले :

"विषय : मिरची पूड, २४ गोण्या – माल उद्या, शनिवारी पोचणार नाही

सप्रेम नमस्कार.
आपण मागवलेली ६०० किलो मिरची पूड उद्या, १७ मे रोजी आपल्याकडे पोचवण्याचे आम्ही कबूल केले होते. ती आम्ही उद्या पोचवू शकत नाही. याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतो.
नवी तारीख आज आमच्याजवळ नाही. ती कळेपर्यंत कृपया या मालावर अवलंबून असलेले काम सुरू करू नये. उद्या सकाळी अकरापर्यंत मी आपल्याला पुन्हा लिहीन. तारीख ठरली असो वा नसो.
या मालावाचून आपले कोणते काम अडते ते कळवल्यास मी शेठजींच्या कानावर घालीन."

या पत्रात कारण नाही, तरी ते अपुरे वाटत नाही. विषयाच्या ओळीतच वाईट बातमी आहे. 'आपल्या ऑर्डरसंबंधी' असा मोघम विषय असता तर घाईत असलेल्या माणसाने पत्र रात्री उघडले असते. माल, वजन आणि कबूल केलेली तारीख दिल्याने चूक कोणती ते नेमके ठरते. आणि पत्राचा प्राण आहे तो 'उद्या सकाळी अकरापर्यंत' या शब्दांत. मालाची तारीख माझ्या हातात नव्हती, पण पुढचे पत्र लिहिणे माझ्या हातात होते. आश्वासन द्यायचेच तर ते आपल्या हातातल्या गोष्टीचे द्यावे. तोटा भरून देऊ, दरात सूट देऊ असे मात्र लेखनिकाने लिहू नये. तो अधिकार मालकाचा असतो. म्हणून शेवटचे वाक्य केवळ विचारणा करते.

इथे मराठीच्या तासाला शिकलेला प्रयोगविचार मला अनपेक्षितपणे उपयोगी पडला. 'विलंब झाला' या वाक्यात कर्ता विलंबच; जणू तो आपणहून चालत आला. 'आम्ही पोचवू शकत नाही' म्हटले की कर्ता समोर येतो. 'असुविधेबद्दल खेद आहे' यात तर खेद कुणाला तेही कळत नाही. मराठी घोषणेत निदान 'आम्ही दिलगीर आहोत' असे असते. 'आपली गैरसोय झाली असल्यास' या शब्दप्रयोगातला 'असल्यास' तर काढूनच टाकावा. गैरसोय झाली की नाही याची शंका घेत क्षमा मागता येत नाही.

रेल्वेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. नंदुरबारच्या फलाटावर गाडी चाळीस मिनिटे उशिरा असल्याची घोषणा होते, कारण सांगितले जातेच असे नाही, आणि फारसे कुणी विचारतही नाही. प्रत्येकजण चाळीस मिनिटांचा हिशेब करून चहाला जातो. पण तेथे आकडा देता येतो, कारण गाडी कुठल्या स्टेशनाजवळ आहे हे कुणाला तरी दिसत असते. आमच्या गोण्या कुठे आहेत हे मला दिसत नव्हते.

कायद्याची बाजू मी वाणिज्य शाखेच्या सरांना विचारली. भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम ५५ त्यांनी समजावले. वेळेला महत्त्व असलेल्या करारात माल वेळेवर आला नाही तर घेणाऱ्याला करार मोडता येतो. पण त्याने तो न मोडता उशिरा आलेला माल स्वीकारला, आणि स्वीकारताना 'मी भरपाई मागणार आहे' अशी सूचना दिली नाही, तर मग त्या उशिराची भरपाई त्याला मागता येत नाही. म्हणजे आमचे पत्र वाचून गिऱ्हाईक काहीतरी ठरवणार असते : थांबावे, दुसरीकडून माल घ्यावा, की भरपाईची सूचना द्यावी. खोटी तारीख हा निर्णय त्याच्या हातून काढून घेते. शिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मुळे ई-मेललाही लेखी कागदाचे स्थान आहे. माझी ती तीन वाक्ये पुसली जाणार नाहीत.

मात्र कारण ठाऊक नसणे आणि ठाऊक असून गाळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. समजा मिरची खरोखरच भिजली असती आणि मला ते माहीत असते, तर वरचे साधे पत्र हीच लबाडी ठरली असती. तसेच हे पत्र एकदाच चालते. दुसऱ्यांदाही 'तारीख नाही' लिहावे लागले तर सोबत काय चौकशी केली, कुणाला विचारले, ते आले पाहिजे. तिसऱ्यांदा मालकानेच फोन करावा.

ऑगस्टमध्ये पुन्हा तशी वेळ आली. गिऱ्हाईक निराळे होते, धुळ्याचे. शेठचा फोन तसाच, दोन वाक्यांचा. मी वहीतले पत्र काढले, तपशील बदलले आणि संध्याकाळी पाचची वेळ दिली. उत्तर आले : "ठीक. पाचला कळवा." पाच वाजले तरी शेठना गाडी मिळाली नव्हती. मी लिहिले की दोन ट्रान्सपोर्टवाल्यांकडे विचारले, आज गाडी नाही, उद्या सकाळी दहाला पुन्हा लिहितो. शेठनी ते पत्र मोबाइलवर वाचले आणि म्हणाले, "कारण नको लिहायला?" मी म्हटले, "तुम्ही सांगा, लिहितो." त्यांनी थोडा विचार केला आणि प्रथमच, खुर्ची ओढून, गाडी का मिळत नाही ते मला सविस्तर सांगितले.