अकाउंट्सकडे तातडीचे पेमेंट मागताना

पुरवठादाराला पैसे पोहोचल्याशिवाय माल हलत नाही आणि पैसे पाठवणारी व्यक्ती खरेदी विभागाच्या हाताखाली नसते. बहुतेक कारखान्यांत खरेदी आणि अकाउंट्स यांच्यात खटके उडतात ते इथेच. खरेदी अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो उशिरा आलेल्या मालाबद्दल, अकाउंट्सला चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशांबद्दल. त्यामुळे एकाला जी घाई वाटते, तीच दुसऱ्याला धोक्याची सूचना वाटते. ते अगदीच चूक नाही. पुरवठादाराच्या नावाने ‘बँक खाते बदलले आहे, आजच पैसे पाठवा’ असा बनावट ईमेल पाठवून कंपन्यांना लुबाडण्याचा प्रकार जगभर चालतो आणि त्यातही भर घाईवरच असतो.

पुण्याजवळच्या एखाद्या पंप कारखान्याचे उदाहरण घेऊ. तारीख 20, सकाळचे अकरा. नेहमीच्या पुरवठादाराने मेकॅनिकल सील पाठवलेले नाहीत, शिल्लक साठा उद्या दुपारपर्यंत पुरेल. अहमदाबादच्या एका नव्या पुरवठादाराकडे माल तयार आहे, पण त्याला प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर पूर्ण रक्कम आगाऊ हवी आहे: 3 लाख रुपये आणि 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,54,000 रुपये. ट्रान्स्पोर्टची गाडी संध्याकाळी सहाला निघते.

या दिवसाची अडचण तारखेतच आहे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या कंपन्यांसाठी 20 तारीख ही जीएसटीआर-3बीची मुदत असते. टीडीएस भरण्याची 7 आणि जीएसटीआर-1ची 11 या तारखाही अकाउंट्सला तशाच जड जातात. अशा दिवशी ‘जरा अर्जंट आहे, बघा ना’ एवढाच निरोप गेला, तर तो बाजूलाच पडणार.

म्हणून मागणी करण्याआधी समोरच्याचे जेवढे काम स्वतःला करता येईल तेवढे उरकावे. पुरवठादार नवा असल्याने त्याचे जीएसटी प्रमाणपत्र, पॅन आणि रद्द केलेला चेक लागणार, ते आधीच मागवावे. खरेदी आदेश आणि आगाऊ रकमेला आपल्या विभागप्रमुखांची लेखी मंजुरी सोबत जोडावी. बँक खात्याची खातरजमा पुरवठादाराला फोन करून करावी. मात्र तो क्रमांक ईमेलमधून उचललेला नसावा, स्वतंत्रपणे मिळवलेला असावा.

मग जागेवर जाऊन किंवा फोनवर बोलावे आणि तेच लगेच लिहून पाठवावे. मजकूर असा असू शकतो: ‘मॅडम, आज 3बीची गडबड आहे, कल्पना आहे. 3,54,000 रुपयांचा आरटीजीएस दुपारी चारपर्यंत गेला तर माल आज सहाच्या गाडीत चढतो. नाही तर उद्या दुपारपासून असेंब्ली थांबेल. सगळी कागदपत्रे सोबत आहेत, खाते फोनवर तपासले आहे. आज जमण्यासारखे नसेल तर साडेबारापर्यंत सांगाल का? म्हणजे मला दुसरी सोय पाहता येईल.’

यातले शेवटचे वाक्य बरेच जण गाळतात. नाही म्हणायची सोय ठेवली की समोरची व्यक्ती खरी परिस्थिती सांगते, नाही तर ‘बघते’ म्हणते आणि पाच वाजतात. इथे खरी परिस्थिती वेगळीच असू शकते. आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास सुरू आहे. तरीही कंपनीच्या नेटबँकिंगमध्ये साधारणपणे एक जण नोंद करतो आणि दुसरा मंजुरी देतो. तो दुसरा तीनला बाहेर जाणार असेल, तर चारची वेळ निरर्थक ठरते. शिवाय अनेक बँका नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिले काही तास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. अशा वेळी खाते साडेअकरालाच जोडून घ्या आणि कागद नंतर तपासा, एवढी छोटी विनंती पुरते. मंजुरीची पायरी गाळायला मात्र सांगू नये. ती गाळण्याचा अधिकार मागणाऱ्यालाही नाही आणि करणाऱ्यालाही नाही.

पहिल्याच ईमेलमध्ये अकाउंट्सच्या साहेबांना सीसीत ठेवणे ही नेहमीची चूक. ती मदतीची विनंती राहत नाही, तक्रार होते. साडेबारापर्यंत उत्तर आले नाही, तर ‘आता सरांशी बोलावे लागेल, आज कोणते काम आधी हे तेच ठरवू शकतील’ असे त्या व्यक्तीला आधी सांगून मगच वर जावे. दोन विभागांची कामे एकमेकांना आडवी आली की प्राधान्य ठरवणे हे वरिष्ठांचेच काम आहे, त्यात गैर काही नाही.

पैसे गेल्यावर यूटीआर क्रमांक पुरवठादाराला कळवला की खरेदी अधिकाऱ्याला काम संपल्यासारखे वाटते, पण अकाउंट्सच्या वहीत ते अर्धेच झालेले असते. अंतिम टॅक्स इनव्हॉइस आणि माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, हाती येईपर्यंत ती रक्कम ‘ॲडव्हान्स’ म्हणून उघडी राहते आणि ऑडिटच्या वेळी तिचा खुलासा त्याच मॅडमना करावा लागतो. माल आला त्याच दिवशी हे दोन कागद त्यांच्या टेबलावर पोहोचवावेत. ज्याचे जुने ॲडव्हान्स महिनोन्महिने उघडे पडलेले असतात, त्याच्या पुढच्या तातडीला अकाउंट्समध्ये कोणी विचारत नाही.