व्हॉल्व्ह उघडल्यावरचं सव्वा मिनिट

डोंगरावरच्या टाकीतून पाणी गुरुत्वाने खाली येतं, तीन किलोमीटर नळातून वाहतं आणि शेवटच्या व्हॉल्व्हपाशी येऊन अडतं. व्हॉल्व्ह बंद असताना नळ काठोकाठ भरलेला असतो. चावी एकदम पूर्ण उघडली, तर पूर्ण प्रवाह मिळायला किती वेळ लागेल? ‘लगेच’ हे उत्तर बरोबर नाही. तो वेळ काढायची एक जुनी पद्धत आजही कागद-पेन्सिलीने वापरता येते. नळातलं सगळं पाणी म्हणजे एकच ताठ दांडा आहे, तो आकसत नाही, ताणला जात नाही आणि नळही फुगत नाही, असं धरून चालायचं. मग प्रश्न एवढाच उरतो, की या दांड्याला ढकलतं कोण, अडवतं कोण आणि त्याचं वजन किती.

आकडे घेऊन पाहू. नळ ३००० मीटर लांब आणि अर्धा मीटर व्यासाचा आहे. टाकीतली पातळी नळाच्या तोंडापेक्षा २० मीटर वर आहे. घर्षणगुणांक ०.०२ आहे. या नळात साधारण ५९० टन पाणी मावतं. व्हॉल्व्ह उघडला की त्याला पुढे ढकलणारा जोर २० मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाचा असतो. नळाच्या छेदावर तो जेमतेम चार टन वजनाइतका भरतो. ५९० टनांना चार टनांचा रेटा मिळाला, तर वेग हळूच चढणार. पहिल्या सेकंदाअखेर तो सेकंदाला साडेसहा सेंटिमीटर एवढाच असतो. नळाचा व्यास बदलला तरी सुरुवातीचा हा आकडा बदलत नाही, कारण छेद वाढला की जोर आणि वजन दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात. हे त्वरण फक्त उंची आणि लांबी यांवर ठरतं: gH/L.

पुढे वेग वाढतो तसं घर्षण जागं होतं. ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणून आरंभी जवळजवळ नसतंच. वेग निम्म्यावर आला तरी घर्षणाने वीस मीटरांपैकी पाचच मीटर खाल्लेले असतात, बाकीचे पंधरा अजून वेग वाढवण्याच्या कामी असतात. शेवटी एक वेळ अशी येते, की सगळे वीस मीटर घर्षणात आणि किरकोळ तोट्यांत जातात आणि वेग स्थिरावतो. आपल्या नळात हा स्थिर वेग V0 सेकंदाला १.७९ मीटर आहे. मधल्या वाटेचं गणित सोडवलं, की हे मिळतं:

V = V0 tanh(t/T), T = L·V0/(gH)

T हा २७.४ सेकंद येतो. त्याचा अर्थ ध्यानात ठेवण्यासारखा आहे: घर्षण मुळीच नसतं आणि सुरुवातीचा रेटा तसाच टिकला असता, तर पाण्याने स्थिर वेग गाठायला जेवढा वेळ घेतला असता तेवढा हा. प्रत्यक्षात निम्मा वेग १५ सेकंदांत येतो, नव्वद टक्के ४० सेकंदांत आणि नव्व्याण्णव टक्के ७२ सेकंदांत. शंभर टक्के वेग गणितानुसार कधीच येत नाही, म्हणून कुठे थांबायचं ते आपण ठरवायचं. खालची टाकी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून प्रवाह मोजणाऱ्याने पहिलं सव्वा मिनिट सोडून द्यावं. उघडल्या क्षणापासून घड्याळ चालवलं, तर पूर्ण प्रवाहाच्या १९ सेकंदांएवढं पाणी, म्हणजे सुमारे ६,७०० लिटर, हिशेबात कमी पडतं.

मला या गणितातली सर्वांत आवडती गोष्ट जुन्या नळाची आहे. आत गंज धरला आणि घर्षणगुणांक दुप्पट झाला, तर प्रवाह स्थिर व्हायला जास्त वेळ लागेल असं मनात येतं. पण वेळ कमी लागतो: ७२ ऐवजी सुमारे ५२ सेकंद. सुरुवातीचा रेटा तोच असतो, फक्त गाठायचा वेगच १.२७ वर आलेला असतो. गंजलेला नळ लवकर स्थिरावतो, कारण त्याला फार लांब जायचंच नसतं. प्रवाह लवकर स्थिरावला म्हणून नळ चांगला, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

हाच T जलविद्युत केंद्रात टर्बाइनच्या गव्हर्नरवाल्यांना रोज भेटतो. विजेची मागणी वाढली म्हणून गेट उघडलं, तरी पाण्याच्या दांड्याला वेग यायला T लागतोच, आणि दरम्यान टर्बाइनपाशी दाब पडतो. म्हणून लांब बोगदा आणि उतरता नळ यांच्या सांध्यावर सर्ज टँक बांधतात. कोयना प्रकल्पातही तो आहे. लांब दांडा तिथे तुटतो, उतरत्या नळातल्या आखूड दांड्याला लवकर वेग येतो आणि मधली तूट सर्ज टँकमधलं पाणी भरून काढतं.

आता ताठ दांड्याच्या मर्यादेकडे येऊ. खरं पाणी ताठ नसतं. व्हॉल्व्ह उघडल्याची बातमी टाकीपर्यंत दाबाच्या लाटेने पोचते. अशा नळात लाट सेकंदाला सुमारे हजार मीटर जाते असं धरलं, तर टाकीपर्यंत जायला तीन सेकंद आणि परत यायला तीन. उभ्या मालगाडीला इंजिनाने ओढल्यावर डबे एकामागून एक हलतात, तसं पाणी टप्प्याटप्प्याने हलतं. व्हॉल्व्हपाशी वेग आधी सेकंदाला ०.२० मीटरची एक उडी घेतो आणि मग दर सहा सेकंदांनी ०.३९ मीटरची, अर्थात घर्षण नगण्य असेपर्यंत. ०.३९ ला सहाने भागा: ०.०६५, म्हणजे सुरुवातीचंच त्वरण. ताठ दांडा म्हणजे त्या पायऱ्यांवरून काढलेली सरळ रेषा. T हा लाटेच्या फेरीपेक्षा चार-पाच पट मोठा असल्याने वेळेचं उत्तर विश्वासार्ह राहतं.

पण दाबाचं तसं नाही. समजा, टाकीपासून एक किलोमीटरवर नळ एका टेकाडावरून जातो आणि तिथे तो शेवटच्या तोंडापेक्षा ११ मीटर उंच आहे. ताठ दांड्याच्या हिशेबात तिथली दाबरेषा १३.३ मीटरवर येते, म्हणजे सव्वादोन मीटर दाब शिल्लक आणि काळजी नाही. लाट वेगळं सांगते. उघडल्यानंतर दोन सेकंदांनी ती टेकाडावर पोचते तेव्हा तिथली दाबरेषा वीस मीटरवरून थेट शून्यावर येते, आणि दोन सेकंदांनी टाकीकडून परतलेली लाट ती पुन्हा वीसवर नेते. पुढे चार सेकंद वीस, दोन सेकंद शून्य, असं चालू राहतं. सरासरी १३.३च येते, म्हणून ताठ दांडा खोटं बोललेला नसतो. पण त्या दोन सेकंदांत टेकाडावरच्या नळात उणे ११ मीटर दाब हवा होता, आणि पाणी सुमारे उणे दहा मीटरच्या आसपासच उकळू लागतं. तिथे पाण्याचा दांडा तुटतो आणि पोकळी पडते. लाट परतल्यावर पोकळी मिटते तेव्हा दोन बाजूंचं पाणी एकमेकांवर आदळतं.

जागेवर हे ओळखू येतं. टेकाडावरचा एअर व्हॉल्व्ह चावी उघडल्यावर लगेच हवा आत ओढू लागला, तर नळ तिथे वायुदाबाखाली गेला आहे. थोड्या वेळाने तिथून धप्प असा आवाज आला, तर पोकळी मिटते आहे. चावी सहा सेकंदांपेक्षा बरीच सावकाश, तीस-चाळीस सेकंद घेऊन उघडली, तर परतलेली लाट पडणारा दाब वेळेत सावरते आणि टेकाडावरचा दाब ताठ दांड्याच्या सव्वादोन मीटरांजवळ राहतो. पूर्ण प्रवाहाला त्यामुळे आणखी थोडा वेळ लागतो. नळ आधीपासून रिकामा असेल, तर यातलं काहीच लागू होत नाही. तिथे भरण्याचा आणि हवा बाहेर काढण्याचा वेगळा हिशेब आधी करावा लागतो.