पहिली दोन पदं जुळली? पेन खाली ठेवू नका!

रिकरन्स म्हणजे मागच्या पदांवरून पुढचं पद काढायचा नियम. शंभरावं पद हवं असेल तर आधीची सगळी काढत बसा. थेट सूत्र सापडलं की ही कटकट मिटते. n घातला की पद हातात. डिस्क्रीट मॅथ्सच्या वर्कशीटवर या गणिताची शेवटची ओळ ठरलेली असते: ‘सूत्र पहिल्या काही पदांवर ताडून पाहा.’ बहुतेक जण ती उरकून टाकतात. खरी गंमत नेमकी तिथेच आहे.

चुकीचं सूत्रही दोनदा पास होतं

नियम घ्या: a(n) = a(n−1) + 2a(n−2), सुरुवात २ आणि १. नियमानं पदं येतात २, १, ५, ७, १७, ३१. सूत्र काढायचं तर a(n) च्या जागी xⁿ ठेवायचं, की उरतं वर्गसमीकरण x² − x − 2 = 0. त्याचे अवयव (x−2)(x+1), मुळं 2 आणि −1. सूत्राचा साचा A·2ⁿ + B·(−1)ⁿ. पहिली दोन पदं घालून A = 1, B = 1.

आता समजा, घाईत चिन्हं उलटली आणि अवयव (x+2)(x−1) असे लिहिले. मुळं −2 आणि 1. त्याच दोन पदांवरून A = 1/3 आणि B = 5/3 येतात. ताडून पाहा. n = 0 ला 1/3 + 5/3, म्हणजे २. बरोबर! n = 1 ला −2/3 + 5/3, म्हणजे १. हेही बरोबर! n = 2 ला मात्र 4/3 + 5/3 = 3, आणि हवे होते ५.

मुळं साफ चुकलेली असूनही पहिली दोन पदं जुळली, यात योगायोग काही नाही. A आणि B आपण त्याच दोन पदांवरून काढले होते, मग ती न जुळून जातील कुठे? स्वतःच्या सहीशी स्वतःचीच सही पडताळण्यासारखं झालं हे. मुळांची परीक्षा तिसऱ्या पदापासून सुरू होते.

चार पदं जुळली की सिद्धता झाली

‘चार पदांवरून काय कळतं, पाचवं चुकलं तर?’ ही शंका वर्गात हमखास येते. रास्तच आहे, पण या साच्यापुरती ती निकालात निघते. संशयित सूत्र नियमाला किती चुकतं ते मोजा: c(n) − c(n−1) − 2c(n−2). सूत्र A·rⁿ + B·sⁿ अशा घडणीचं असेल तर ही चूकही P·rⁿ + Q·sⁿ अशाच घडणीची निघते. r आणि s वेगळे असले आणि दोन्ही शून्य नसले, तर अशी राशी लागोपाठ दोन ठिकाणी शून्य होण्याचा एकच मार्ग असतो: P आणि Q दोन्ही शून्य. म्हणून चूक n = 2 आणि n = 3 ला शून्य असली की ती पुढे कायमच शून्य. पहिली दोन पदं स्थिरांकांची, पुढची दोन मुळांची. पाचवं पद तपासायचं ते हौस म्हणून.

मुळं समान आली तर? a(n) = 4a(n−1) − 4a(n−2), सुरुवात १ आणि ४. दोन्ही मुळं 2. इथे A·2ⁿ + B·2ⁿ लिहिणाऱ्याची फजिती लगेच होते, कारण A + B = 1 आणि 2(A + B) = 4 एकत्र नांदत नाहीत. साचा हवा (A + Bn)·2ⁿ. मग पदं येतात १, ४, १२, ३२.

कर्जाचा हप्ता: पहिल्या कोटीचा रिकरन्स

लाखाचं कर्ज, महिना एक टक्का व्याज, हप्ता २,००० रुपये. बाकी चालते b(n) = 1.01·b(n−1) − 2000 या नियमानं. आधी स्थिर बिंदू शोधायचा, म्हणजे अशी बाकी जी हप्ता भरूनही जागची हलत नाही: x = 1.01x − 2000, म्हणून x = 2,00,000. सूत्र: b(n) = 200000 − 100000 × 1.01ⁿ. ताडून पाहा: १,००,०००, मग ९९,०००, मग ९७,९९०. नियमानंही हेच. 1.01ⁿ दोनाच्या पुढे जातं सत्तराव्या महिन्यात, म्हणून कर्ज सत्तर हप्त्यांत फिटतं; शेवटचा थोडा लहान.

हप्ता १,००० केला तर स्थिर बिंदू बरोबर एक लाख. कर्ज आयुष्यभर लाखच! ९०० केला तर स्थिर बिंदू ९०,००० वर उतरतो आणि बाकी त्याच्यापासून दूर पळत वाढत सुटते. पहिल्याच महिन्यात १,००,१००.

इथली नेहमीची चूक म्हणजे स्थिर बिंदू विसरून नुसतं 100000 × 1.01ⁿ लिहिणं. n = 0 ला ते छान जुळतं, n = 1 ला १,०१,००० दाखवून उघडं पडतं. हप्ता भरलाच नाही जणू.

फिबोनाची, पण आधी हेमचंद्र

लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? गुगु, ललगु, लगुल, गुलल, लललल: पाच. ओळ लघूनं संपली तर आधी एक मात्रा कमी, गुरूनं संपली तर दोन कमी. म्हणून प्रत्येक संख्या मागच्या दोघींची बेरीज. एक मात्रेपासून मोजलं तर १, २, ३, ५, ८. हेमचंद्रांनी ही मोजणी बाराव्या शतकात, पिसाच्या लिओनार्दोचं सशांचं कोडं १२०२ मध्ये येण्याआधी, मांडली होती. विरहांकांनी तर त्याच्याही कितीतरी आधी.

वर्कशीटवर मात्र क्रमिका ०, १, १, २, ३, ५ अशी सुरू होते, आणि इथे एका घराची घसरगुंडी होते. n मात्रांचे प्रकार म्हणजे F(n) नव्हे, F(n+1). सूत्र लावल्यावर चार मात्रांना ३ उत्तर आलं, तर सूत्र निर्दोष आहे, घर चुकलंय.

दशांश नकोत

सूत्र बिने यांच्या नावानं ओळखलं जातं, जरी डी मॉयव्हर यांना ते शंभरेक वर्षं आधीच ठाऊक होतं: F(n) = (φⁿ − ψⁿ)/√5. φ आणि ψ ही x² = x + 1 ची मुळं. ताडताना कॅल्क्युलेटर काढू नका. φ² = φ + 1 आणि ψ² = ψ + 1, म्हणून φ² − ψ² = φ − ψ = √5, आणि F(2) = 1. पुन्हा φनं गुणलं की φ³ = 2φ + 1; F(3) = 2. वर्गमूळ दरवेळी आपोआप कटतं.

ψ चं केवल मूल्य एकाहून लहान असल्यानं नुसतं φⁿ/√5 जवळच्या पूर्णांकात बदललं तरी चालतं. दहाव्या पदाला ५५.००३६ येतात. संगणकावर साध्या दशांशांनी हाच उद्योग केला तर n सत्तरीच्या आसपास गेल्यावर शेवटचा अंक चुकू लागतो. सूत्र खरंच असतं, यंत्राचे पंधरा-सोळा अंक संपलेले असतात.

पाच जुळली, सहावं फसलं

वर्तुळावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना जोडा, आत तीन रेषा एका बिंदूत भेटणार नाहीत एवढं बघा. भाग पडतात १, २, ४, ८, १६. दुपटीचा मोह होतोच. सहा बिंदूंना भाग पडतात ३१. इथे नियम हाती नव्हता, साचाही माहीत नव्हता, म्हणून ‘चार पदं पुरे’ हा हक्कही नव्हता. खोडकरपणा पुढेही संपत नाही: दहा बिंदूंना भाग पडतात २५६, पुन्हा दोनाचा घात, फक्त दुपटीच्या सूत्रानं सांगितलेल्या ५१२ च्या बरोबर निम्मा.