बंगळुरूच्या हवेत आंबापोळी : ऊन सकाळचं, बाकीचं ओव्हनचं

कोकणात आंबापोळी किंवा साठं घालायची ती एप्रिल-मेच्या कडक उन्हात. सकाळी रस ताटांत ओतायचा, वर पातळ कापड बांधायचं आणि दोन-तीन दिवस अंगणात ठेवायचं. बंगळुरूत राहणाऱ्यांना हे वेळापत्रक जुळत नाही. इथला रसपुरी आणि बदामी (आपल्या हापूसला कर्नाटकात हेच नाव आहे) बाजारात भरभरून येतो तो मेमध्ये, आणि नेमक्या त्याच महिन्यात शहरात सरासरी १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तोही बहुधा दुपारनंतर, विजा कडाडत. सकाळ मात्र पुष्कळदा लख्ख असते. म्हणून इथे सकाळचं ऊन आणि दुपारनंतरचा मंद ओव्हन यांची जोडी लावावी लागते.

आंबा आणि साखर

रसपुरीचा रस पातळ आणि गोड असतो. त्याची पोळी चवीला छान, पण मऊ होते. तोतापुरी कमी गोड, पण गर घट्ट. तीन वाटे रसपुरी आणि एक वाटा तोतापुरी घेतला की पोळीला चव आणि अंग दोन्ही मिळतं. आंबा पिकलेला हवा, पण लिबलिबीत नको. अति पिकलेल्या फळातलं पेक्टिन विरघळून गेलेलं असतं. रसाला धरून ठेवणारा पदार्थ तोच, त्यामुळे अशा आंब्यांची पोळी कितीही वाळवली तरी ओढताना लांबते आणि बोटाला चिकटते.

साधारण २ किलो आंब्यांचा १ किलो रस निघतो. तो मिक्सरमधून फिरवून चाळणीने गाळा, कारण धागे राहिले तर पोळी तिथेच फाटते. वरच्या मिश्रणाला ८० ग्रॅम साखर पुरते. नुसत्या बदामीला ५० ग्रॅम, नुसत्या तोतापुरीला १२० ग्रॅमपर्यंत चालेल. त्यापुढे गेलात तर काही दिवसांनी पोळीत साखरेची कणी धरते.

चिकटपणा मात्र साखर किती यापेक्षा ती कुठली यावर जास्त ठरतो. साधी साखर आंबट रसात बराच वेळ उकळली की तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात, आणि फ्रुक्टोज हवेतली ओल खेचून घेतं. जून ते सप्टेंबर बंगळुरूची हवा दमट असते. अशी पोळी डब्याबाहेर तासभर राहिली तरी ओलसर होते. म्हणून रस आटवत बसू नका. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात, सतत ढवळत, कडेला बुडबुडे येऊन रस चांगला वाफाळेपर्यंत तापवा आणि त्याच आचेवर ८-१० मिनिटं ठेवा. एवढ्यात यीस्ट मरतं, रस काळा पाडणारी विकरं थांबतात आणि थोडं पाणीही उडतं. लिंबाचा रस घालायचा तर एक चमचा, गॅस बंद केल्यावर. मध आणि गूळ टाळा, दोन्हींमुळे पोळी जास्त चिकट होते. लोखंडी कढई नको, रस काळपट होतो.

जाडी मोजायची वजनाने

तापवल्यावर रस साधारण १ किलो उरतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या तीन सपाट ताटांना तुपाचं बोट फिरवा. तूप जास्त झालं तर पोळीला खवट वास येऊ लागतो. रिकाम्या ताटाचं वजन कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येकात सुमारे ३३० ग्रॅम रस ओता. थर चार मिलिमीटरच्या थोडा वर बसतो आणि वाळून जेमतेम एक मिलिमीटर उरतो. ताट हलकेच आपटून थर सारखा करा. कडेपेक्षा मधे रस किंचित कमी राहिलेला चांगला, कारण मधला भाग सगळ्यात शेवटी वाळतो.

जाड पोळी हवी असेल तरी एकदम जाड थर ओतू नका. वरची साय धरते आणि आतलं पाणी अडकून आंबतं. आंध्रात आत्रेयपुरमची मामिडी तांड्रा जाड असते, पण ती थरावर थर देत केलेली असते. खालचा थर बोटाला लागेनासा झाला की वर नवा पातळ थर ओततात.

सकाळ गच्चीवर, दुपार ओव्हनमध्ये

नऊच्या सुमारास ताटं गच्चीवर विटांवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा खेळेल. वर मलमलचं कापड ताणून बांधा, ते रसाला टेकता कामा नये. एक वाजता ढग दिसोत न दिसोत, ताटं आत आणा. एव्हाना वर पातळ साय आलेली असते.

मग ओव्हन ६० ते ६५ अंशांवर, पंखा असेल तर तो चालू. बऱ्याच छोट्या ओव्हनची खूणच १०० अंशांपासून सुरू होते. तसं असेल तर दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा, आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा आणि बटण चालू-बंद करत ७० च्या खाली राहा. ही फट वाफ बाहेर जाण्यासाठीही लागते. आच जास्त झाली तर वरची बाजू कडक होते, कडा तपकिरी होतात आणि खालची बाजू ओलीच राहते.

सकाळचं ऊन मिळालं असेल तर चार-पाच तास, नाही तर आठ-दहा तास धरा. वरून कोरडी झाली की कडेने सुरी फिरवून पोळी सोडवा, उलटा आणि शेवटचा तासभर दुसरी बाजू वाळू द्या.

झाली कधी म्हणायची?

आता कागदावरचा आकडा कामाला येतो. १ किलो रसात आंब्याचा स्वतःचा घन भाग साधारण १८० ग्रॅम, वर ८० ग्रॅम साखर, म्हणजे २६०. तयार पोळीत १७ टक्क्यांच्या आसपास पाणी राहायला हवं. तेव्हा तिन्ही पोळ्या मिळून ३१५ ग्रॅम, एकेक सुमारे १०५ ग्रॅम भरायला हवी. ताटाचं वजन वजा करून ११५ आलं तर ओल जास्त आहे, अशी पोळी डब्यात बुरशी धरेल. ९५ च्या खाली गेली तर घडी घालताना तडकेल. आंबा कमी-जास्त पाणचट असतो, म्हणून सोबत हातानेही तपासा. गार झालेल्या पोळीच्या मध्यावर बोट दाबलं तर ठसा उमटू नये. उजेडाकडे धरली तर ती सगळीकडे सारखी पारदर्शक दिसावी. गढूळ, गडद ठिपका म्हणजे तिथे ओल आहे. गरम असताना तपासू नका, तेव्हा नीट वाळलेली पोळीही मऊच लागते.

पूर्ण गार झाल्यावरच बटर पेपरमध्ये गुंडाळा, कारण गरम पोळीची वाफ कागदातच जिरते. एकावर एक ठेवताना मधे कागद हवाच. पिठीसाखर भुरभुरवली तर चिकटपणा दोन दिवस झाकला जातो आणि तिसऱ्या दिवशी तीच साखर पाझरते. हवाबंद डब्यात पहिला आठवडा रोज पाहा. आतल्या बाजूला दव दिसलं तर पोळ्या पुन्हा तासभर ६० अंशांवर वाळवा. नाही दिसलं तर डबा फ्रिजमध्ये ठेवा. गणपतीपर्यंत सहज टिकतील, घरच्यांनी ठेवल्या तर!